विश्लेषण : निम्मे गुण बारावीचे, निम्मे ‘नाटा’चे... पण खरे वजन कोणाचे?

नेरूळ, सीबीडी बेलापूर, नवीन पनवेल येथील वास्तुकला महाविद्यालयांत बी.आर्क.ला प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांना बारावीचे गुण आणि ‘नाटा’ या अभिक्षमता चाचणीचे गुण असे दोन्ही सांभाळावे लागतात. दोघांना समान, म्हणजे ५०-५० टक्के भारांश असतो. ऐकायला हे न्याय्य वाटते. प्रत्यक्षात मात्र नियमात लिहिलेला भारांश आणि यादीत दिसणारा त्याचा परिणाम एकच असेलच असे नाही.

संयुक्त गुण कसे निघतात?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. राज्य मंडळाच्या एका विद्यार्थिनीला बारावीत ७८ टक्के आणि ‘नाटा’त २०० पैकी १३०, म्हणजे ६५ टक्के गुण आहेत. दोन्हींची निम्मी बेरीज ७१.५ होते. सीबीएसईच्या विद्यार्थ्याला बारावीत ९० टक्के आणि ‘नाटा’त १०८, म्हणजे ५४ टक्के आहेत. त्याची बेरीज ७२ येते. चाचणीत तब्बल २२ गुणांनी मागे असलेला विद्यार्थी यादीत पुढे जातो.

मग ५०-५० फसवे का ठरते?

कारण यादीतला क्रम ठरतो तो गुणांमधल्या फरकांवर. समजा, अर्जदारांचे बारावीचे गुण ६० ते ९५ टक्क्यांत पसरलेले आहेत आणि ‘नाटा’चे बहुतेक गुण ४५ ते ६५ टक्क्यांत दाटलेले आहेत. मग बारावी विद्यार्थ्यांना एकमेकांपासून १७.५ गुणांपर्यंत दूर नेऊ शकते आणि चाचणी फक्त १० गुणांपर्यंत. कागदावर समान असलेला भारांश व्यवहारात बारावीकडे झुकतो. पसारा उलटा असेल, तर झुकावही उलटा होतो.

मंडळांचा प्रश्न काय?

नवी मुंबईत राज्य मंडळ आणि सीबीएसईचे विद्यार्थी एकाच यादीत येतात. दोन मंडळांची गुणदानाची पद्धत वेगळी असल्याने ७८ आणि ९० यांची थेट तुलना करता येत नाही. वरच्या उदाहरणात समजा, राज्य मंडळात ७८ टक्के मिळवणारी मुलगी ८० टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे आहे आणि सीबीएसईत ९० टक्केवालाही तेवढ्याच विद्यार्थ्यांच्या पुढे आहे. तर पर्सेंटाइलनुसार बारावीत दोघे बरोबरीला येतात आणि चाचणीत पुढे असलेली मुलगी यादीतही वर जाते. गुण तेच, भारांश तोच. बदलले ते फक्त मोजमाप.

आधी हे करून पाहिले आहे का?

होय. २०१३ ते २०१६ या काळात एनआयटी आणि तत्सम संस्थांसाठी जेईई मेनच्या क्रमवारीत चाचणीला ६० आणि बारावीला ४० टक्के भारांश होता. बारावीचे गुण थेट जोडले जात नव्हते. विद्यार्थ्याचा आपल्या मंडळातला पर्सेंटाइल काढून, त्या पर्सेंटाइलला जेईईत देशपातळीवर किती गुण पडतात आणि त्याच मंडळाच्या विद्यार्थ्यांत किती पडतात, या दोहोंची सरासरी घेतली जाई. दोन आकडे घेण्यामागे कारण होते. नुसता पर्सेंटाइल सर्व मंडळांतील विद्यार्थी सारख्याच तयारीचे असल्याचे गृहीत धरतो. दुसरा आकडा त्याला आवर घालतो. पण पद्धत पालकांना उमगायला अवघड होती आणि सर्व मंडळांचे निकाल येईपर्यंत क्रमवारी अडून राही. २०१७ पासून बारावीचा भारांश काढून टाकण्यात आला.

महाराष्ट्रानेही २०१४ मध्ये अभियांत्रिकीसाठी जेईई मेन आणि बारावीचे विषयगुण यांची ५०-५० सांगड घातली. २०१६ पासून राज्य पुन्हा स्वतःच्या सीईटीकडे वळले.

विद्यार्थ्यांनी काय पाहावे?

बारावीची गुणपडताळणी किंवा पुनर्मूल्यांकन करून घ्यायचे असेल, तर त्याचा यादीवरचा परिणाम आधी मोजावा. ६०० पैकी १२ गुण वाढले तर बारावीत २ टक्के आणि संयुक्त गुणांत केवळ १ गुण वाढतो. जिथे अनेक अर्जदार दशांशांच्या अंतराने उभे असतात, तिथे तोही पुरेसा ठरू शकतो. मात्र बदललेली गुणपत्रिका मुदतीत नोंदवायला हवी. तात्पुरती यादी लागताच आपली बेरीज स्वतः करून पाहावी आणि तफावत दिसल्यास आक्षेपाची मुदत चुकवू नये.

बारावीला भारांश द्यावा ही मागणी रास्त आहे. त्याशिवाय कनिष्ठ महाविद्यालयांचे वर्ग ओस पडतात आणि शिकवण्यांची चलती होते. पण आकडा जाहीर करून यंत्रणेचे काम संपत नाही. मंडळनिहाय गुण एका मापावर कसे आणले आणि दोन्ही परीक्षांच्या गुणांचा पसारा किती होता, हे यादीसोबतच प्रसिद्ध झाले पाहिजे. ते कळल्याशिवाय ‘५०-५०’ या आकड्यावरून न्याय झाला की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही.