आमंत्रण घ्या, पथ्य आधी कळवा

श्रावण-भाद्रपद सुरू झाला की जेवणाची आमंत्रणं येऊ लागतात. ज्यांना डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला आहे, त्यांच्या घरात अशा वेळी दोनच गोष्टी घडताना मी पाहते. एक तर काहीतरी निमित्त सांगून जाणंच टाळतात, नाहीतर जातात आणि पानावर बसल्यावर हळूच सांगतात, ‘मला पोळी नको.’ मग यजमानीण हातातली पळी टाकून स्वयंपाकघरात धावते आणि पंगतभर चर्चा सुरू होते. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी चार-पाच दिवस आधी एक छोटी चिठ्ठी पाठवावी लागते, आणि ती नीट लिहावी लागते. मी हे सीलिअ‍ॅक या आजाराबद्दल लिहिते आहे, कारण माझ्या सुनेला तो आहे आणि तिच्या चिठ्ठ्या मी जवळून पाहिल्या आहेत.

आजार थोडक्यात असा. गहू आणि जव यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या शरीराची प्रतिकारशक्ती ग्लूटेन पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न शोषून घेणारे तिथले बारीक अंकुर झडतात. औषध नाही, पथ्य हाच उपचार, आणि तो जन्मभराचा. काहींना तासा-दोन तासांत पोटदुखी, जुलाब सुरू होतात, तर काहींना वरून काहीच जाणवत नाही आणि आत नुकसान चालूच राहतं. म्हणून ‘मागच्या वेळी खाल्लं होतंस, काही झालं नव्हतं’ हा पुरावा धरायचा नाही.

यजमानांना न पटणारी गोष्ट एकच असते: थोडंसं का चालत नाही? याचं उत्तर आकड्यात आहे. दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन गेलं तर बहुतेक रुग्णांना ते सोसतं, असं धरतात. 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे 3 ग्रॅम, म्हणजे 3000 मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. तेव्हा मर्यादा आली पोळीच्या तीनशेव्या भागाएवढी. एक घास दूरच राहिला, पोळपाटावरची पिठी भाजीत उडाली तरी हिशेब बिघडू शकतो. हे चिठ्ठीत लिहायची गरज नाही, पण कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

सुनेनं गेल्या वर्षी गौरीजेवणाआधी माझ्या थोरल्या जाऊबाईंना फोनवर पाठवलेली चिठ्ठी इथे देते. घरच्या ग्रुपवर नाही, जी बाई स्वयंपाक करणार तिला एकटीला पाठवली होती. ग्रुपवर टाकलं की पंधरा जण सल्ले देतात, कुणीतरी आयुर्वेदाचा काढा सुचवतं, आणि जिला कळायला हवं तिच्यापर्यंत नेमकं काही पोचतच नाही.

‘काकू, नमस्कार. गौरीजेवणाला आम्ही सगळे येतोय. एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे ऐनवेळी तुमची धावपळ व्हायला नको. मला आतड्याचा आजार आहे आणि डॉक्टरांनी गहू, रवा, मैदा, शेवया कायमचे बंद केले आहेत. अगदी कणभरही चालत नाही. त्यामुळे पुरणपोळी, कुरडई, तळण आणि कटाची आमटी मी घेणार नाही. वरण, भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि पुरण मला चालतं. पुरण तर मी तुपाबरोबर वाटीभर खाईन. एकच मदत हवी आहे. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, म्हणून तांदळाच्या पिठातल्या हिंगाची डबी मी आदल्या दिवशी पाठवते. त्या दिवशीच्या फोडण्यांना तेवढा तोच वापराल का? आणि पोळ्या लाटायला घेण्याआधी माझं पुरण डब्यात काढून झाकून ठेवाल का? भाकऱ्या मी घरून करून आणते. माझ्यासाठी वेगळं काही करू नका, एवढं केलंत की माझं पोटभर जेवण होतं.’

यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते सांगते. पहिल्याच वाक्यात येण्याचा होकार आहे. तो नसेल तर पुढचं सगळं नकारासारखं वाचलं जातं. मग ‘कायमचे’. पथ्य म्हटलं की आपल्याकडे औषधाचा कोर्स संपेपर्यंतचं पथ्य समजतात आणि पुढच्या सणाला कुणीतरी प्रेमानं विचारतंच, ‘आता बरं आहे ना? मग घे की.’ आजाराचं इंग्रजी नाव तिनं चिठ्ठीत घातलं नाही, कारण ते वाचून काकूंना काय शिजवायचं ते कळणार नव्हतं. गहू, रवा, मैदा, शेवया म्हटलं की कळतं.

‘माझ्यासाठी काही करू नका’ एवढंच लिहून थांबू नये, हे मी अगदी आग्रहानं सांगेन. आपल्याकडची कुठलीही यजमानीण ते वाचून हातावर हात ठेवून बसणार नाही. ती विचार करून काहीतरी करेलच, आणि नेमकं चुकीचं करेल. पोळी चालत नाही म्हणून ती थालीपीठ लावेल, तर भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. मेतकूट-भात देईल, तर मेतकुटातही गहू भाजून घातलेला असतो. कौतुकानं मुद्दाम ज्वारीचं ताजं पीठ दळून आणेल, तर गिरणीत त्याआधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि जात्यात राहिलेली कणीक पहिल्या शेर-दोन शेरांत उतरते. तिचे कष्ट फुकट जातात आणि पाहुणीला तोंडावर नाही म्हणावं लागतं. म्हणून काय चालत नाही याच्या बरोबरीनं, तिच्याच बेतातलं काय चालतं ते नावानिशी लिहावं. गौरीच्या जेवणात काय असतं हे आपल्याला ठाऊकच असतं, आणि बेत माहीत नसेल तर आधी एक फोन करून विचारावा.

आता हिंगाचं. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की बाजारातल्या बहुतेक डब्यांत तो पिठात आणि डिंकात मिसळून येतो. पीठ बहुधा गव्हाचं किंवा मैदा. डबीच्या मागच्या बाजूला ते छापलेलं असतं, पण हिंगाची डबी कोण वाचतं? चिमटीभर हिंगातून एका पानाला येणारं ग्लूटेन फार नसतं, तरी वरण, भाजी, कोशिंबिरीची फोडणी असं मिळून दिवसाची मर्यादा उगीच खर्च होते. काढून टाकायला इतकी सोपी गोष्ट ठेवायची कशाला? प्रत्येक पदार्थ फोडणीआधी वेगळा काढा असं सांगितलं असतं तर सणाच्या घाईत काकूंना ते जमलं नसतं. एक डबी बदलली की सगळी चूल एकदम सुटली. कटाची आमटी मात्र सोडली, कारण गोड्या मसाल्यात हिंग आधीच कुटलेला असतो. तळणही सोडलं: कुरडई गव्हाच्या चिकाची, आणि ती ज्या तेलात तळली त्यात तांदळाची पापडीसुद्धा चालत नाही.

ज्यांना एवढं लिहायचं नसेल, किंवा यजमान नवे असतील, त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. लिहा, ‘उपासाला चालणारं मला बहुतेक सगळं चालतं.’ आपल्या उपासाच्या स्वयंपाकात गहू नाही, हिंग नाही आणि भांडीही कित्येक घरांत घासून वेगळी घेतात. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस हे कुठल्याही मराठी घरात डोळे मिटून करता येतं, आणि काय टाळायचं ते समजावून सांगावं लागत नाही. फक्त राजगिरा-शिंगाड्याचं पीठ आणि उपासाची भाजणी गिरणीतून आणलेली असेल तर ती सोडावी. तेवढं एक वाक्य जोडावं.

चिठ्ठी गेली तरी पंगतीत आग्रह होणारच. तिथे आजाराची कहाणी सांगायला बसू नये. ‘काकूंना सगळं आधीच सांगितलंय, त्यांनी माझं वेगळं काढून ठेवलंय’ एवढं म्हटलं की बहुतेक जण गप्प बसतात, कारण आता तो यजमानिणीचा शब्द झाला. वाढप सुरू होण्याआधी आपलं पान घेता आलं तर उत्तम. पोळी वाढणाऱ्या हातानं भात वाढला जात नाही आणि पोळीचे तुकडे पडलेल्या तुपाच्या भांड्यात आपला चमचा जात नाही. प्रसादाचा शिरा असेल तर तो हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि शेजारच्याला द्यावा. तीर्थ आणि फळ घ्यावं. देवापुढचं नाकारलं असं कुणाला वाटत नाही.

लग्नाच्या हॉलमध्ये ही चिठ्ठी उपयोगाची नाही. तिथे स्वयंपाक केटररचा, भांडी सामाईक, आणि यजमानांना त्या दिवशी शंभर कामं. तिथे घरून जेवून जावं, आणि यजमानांना आधी एवढंच कळवावं: ‘मुहूर्ताला नक्की येतेय, पथ्यामुळे जेवायला थांबणार नाही, मनाला लावून घेऊ नका.’

आणि काकूंनी मायेनं काही वेगळं केलंच असेल आणि त्याची खात्री वाटत नसेल, तर खाऊ नये. भिडेखातर एक घास घेतला की पुढच्या वेळी ‘त्या दिवशी खाल्लंस की’ म्हणून तोच पदार्थ परत येतो. त्याऐवजी शांतपणे विचारावं, पीठ कुठून दळलं, पाकीट आहे का. पाकिटावर गव्हाचं नाव दिसलं तर तो पदार्थ घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पानात जाऊ द्यावा आणि आपण आणखी एक वाटी पुरण मागून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन ओळी लिहाव्यात. सुनेनं लिहिलं होतं, ‘काकू, पोट अगदी छान आहे. पुरण आणि बटाट्याची भाजी दोन्ही चाललं. हिंगाची डबी तुमच्याकडेच राहू द्या.’ ती डबी आता जाऊबाईंच्या फडताळात नाव लिहून ठेवलेली आहे, आणि यंदा चिठ्ठीत ‘काकू, गेल्या वर्षीसारखंच’ एवढंच लिहायचं आहे.