पोवाडा मोजू नका, डफावर ठेवून पाहा

पोवाड्याच्या उत्तरपत्रिकांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षे भेटते: ‘रचना ओबडधोबड, छंद सैल, पुनरुक्ती फार, परंतु वीररस ओतप्रोत.’ हे वाक्य विद्यार्थ्याचे नव्हे, ते आपण शिक्षकांनीच त्याच्या तोंडी घातलेले आहे. त्याचा पूर्वार्ध सपशेल चुकीचा आहे. उत्तरार्धाला तर काही अर्थच नाही, कारण वीररस हे नाव सांगितल्याने कोणत्याही रचनेचे रहस्य उलगडत नाही.

तुळशीदास शाहिराचा तानाजी मालुसऱ्यांवरील पोवाडा घ्या. सिंहगडची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. आज आपण वाचतो तो पोवाड्याचा पाठ गोंधळी-शाहिरांच्या तोंडून पुढे आलेला आहे. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हापासून पोवाडा ही ‘कविता’ झाली आणि आपण तिच्या ओळींच्या मात्रा मोजू लागलो. डोळ्यांना त्या ओळी विषम दिसतात. म्हणून छंद सैल! पण ही ओळ कागदाच्या रुंदीत बसवायची नव्हतीच. ती डफाच्या आवर्तनात बसवायची होती.

मी रचलेल्या दोन साध्या ओळींवर हे तपासून पाहता येईल. एक: ‘मावळे निघाले’, म्हणजे सहा अक्षरे. दुसरी: ‘रातोरात तीनशे मावळे गडावर निघाले’, म्हणजे सतरा अक्षरे. कागदावर या दोहोंचा मेळ बसत नाही. आता टेबलावर बोटांनी आठ-आठ ठोक्यांची दोन आवर्तने धरा. पहिल्या ओळीत ‘मा’ आणि ‘ले’ लांबवून, शेवटी रिकामी जागा सोडून तीच सोळा ठोके भरते. दुसऱ्या ओळीत काही ठिकाणी एका ठोक्यात दोन अक्षरे कोंबावी लागतात आणि तीही त्याच जागेत संपते. पहिली ओळ ताणली जाते, दुसरी धावते, आणि श्रोत्याला घाई जाणवते ती या धावण्यातून. डफावर थाप आणि काडी यांचा जो ठेका चालू असतो, तो स्वतः स्थिर राहतो म्हणूनच अक्षरांना असे मोकळे सोडता येते. छंद सैल नसतो. तो शब्दांबाहेर, वाद्याकडे सोपवलेला असतो.

पुनरुक्तीचेही तसेच. शाहीर कडवे संपवतो आणि झीलकरी ‘जी जी’ धरतात. तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो, पुढची ओळ आठवते, समोरचा जमाव पेंगतो आहे की पुढे सरकतो आहे हे त्याला दिसते. त्यानुसार तो एखादा प्रसंग लांबवतो किंवा आटोपता घेतो. ‘तानाजी सुभेदार’ हा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो तो कवीचे शब्दभांडार तोकडे म्हणून नव्हे. घडवून ठेवलेला तो तयार तुकडा पडला की मागून येणाऱ्या श्रोत्यालाही कोणाची गोष्ट चालली आहे हे कळते. कडव्यांच्या मध्ये शाहीर गद्यात कथा पुढे नेतो. हे गद्य छापील पुस्तकातून बहुधा गळते, आणि मग आम्ही ‘कथानकात दुवे निखळलेले’ असा शेरा मारून मोकळे होतो. दुवे आपणच टाकून दिले, हे कोणी सांगायचे?

सर्वांत हास्यास्पद प्रकार हत्तीचा. तुळशीदासाच्या पोवाड्यात उदेभानाचा चंद्रावळी हत्ती येतो, मग सिद्दी हिलाल, मग उदेभानाचे बारा मुलगे आणि शेवटी स्वतः उदेभान. ‘गडावर हत्ती होता काय?’ यावर आपल्याकडे तावातावाने बोलले जाते. इतिहासकाराने तो प्रश्न जरूर विचारावा, आणि पोवाड्याला या बाबतीत साक्षीदार मानू नये. परंतु वाङ्मयाच्या तासाला प्रश्न वेगळा आहे: हाच क्रम का? कारण प्रत्येक पाडावाबरोबर एक टप्पा पुरा होतो, झील चढते, ठेका पुन्हा जमतो आणि पुढचा शत्रू अधिक मोठा होऊन येतो. रात्रीच्या अंधारातली चकमक एका दमात सांगितली असती, तर ती दहा ओळींत आटोपली असती. जमावाला धरून ठेवायला शाहिराला पायऱ्या लागतात. तीच गोष्ट लढाईपूर्वीच्या विस्ताराची. जिजाबाईंनी शिवाजीराजांशी सोंगट्यांचा डाव मांडून कोंढाणा मागणे, रायबाचे लग्न, हे सारे डफाचा ठेका चढण्याआधीचे संथ पाऊल आहे.

अर्थात प्रयोगाची ढाल प्रत्येक दोषापुढे धरता येणार नाही. जोतीराव फुले यांचा १८६९ चा शिवाजीराजांवरील पोवाडा छापून प्रसिद्ध करण्याच्या हेतूने लिहिलेला आहे. त्यातील वैचारिक मांडणी वाचकाला उद्देशून आहे, आणि तेथे तुळशीदासाची मोजपट्टी लावणे हा उलट अन्याय ठरेल. जुन्या पोवाड्यांतही निव्वळ भरताड ओळी आहेत. त्या ओळखण्याची एक रीत आहे: ओळ मोठ्याने, ठेका धरून म्हणा. ती ठेका सांभाळत नसेल, श्वासाला जागा देत नसेल, कथाही हलवत नसेल, तर तिला खुशाल भरताड म्हणा.

माझ्या वर्गात एकदा एका मुलाने बाकावर ठेका धरून कडवे म्हटले आणि शेजारच्या तासाच्या अध्यापकांनी गोंगाटाची तक्रार केली. त्या तासालाही पोवाडाच चालू होता. फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा होत्या.