'इंट्रो तू कर' म्हणजे वाटणी नव्हे!

प्रोजेक्ट रिपोर्टची वाटणी आपल्या हॉस्टेलवर एका ओळीत उरकते : "इंट्रो तू, थिअरी तो, रिझल्ट मी, कन्क्लूजन शेवटी बघू!" चार जण, चार चॅप्टर, हिशोब सरळ. माझं मत मात्र असं, की ही वाटणीच चुकीची आहे. रिपोर्टमधले आकडे चॅप्टरच्या भिंती मानत नाहीत.

आमचाच विषय घ्या : चंदगडला ताम्रपर्णीचा प्रवाह फ्लोट पद्धतीने मोजणे. नदीचा 20 मीटरचा सरळ पट्टा निवडायचा, तरंगणारी वस्तू सोडायची आणि वेळ मोजायची. समजा 40 सेकंद लागले, तर वरच्या पाण्याचा वेग सेकंदाला 0.5 मीटर. वरचं पाणी सरासरीपेक्षा जोरात वाहतं, म्हणून त्याला साधारण 0.85 ने गुणतात, आले 0.425. पात्राच्या छेदाचं क्षेत्रफळ 6 चौरस मीटर असेल, तर प्रवाह सेकंदाला 2.55 घनमीटर.

आता खोलीचं एक माप नंतर दुरुस्त झालं आणि क्षेत्रफळ 6.4 निघालं, तर प्रवाह होतो 2.72. म्हणजे तक्ता, आलेख, सारांश, निष्कर्ष, सगळीकडे बदल! चौघांच्या पेनड्राइव्हवर चार फायली असतील, तर कुठेतरी 2.55 तसाच राहतो. आणि व्हायव्हात एक्स्टर्नलचं बोट नेमकं तिथेच पडतं.

म्हणून ग्रुपला मी हा मेसेज सुचवलाय :

"मित्रांनो, वाटणी चॅप्टरने नको, मापाने करू. खोली ज्याने मोजली त्यानेच तिची पद्धत, तक्ता आणि चुकीची शक्यता लिहायची. वेगाचं तसंच. तिसऱ्याने प्रस्तावना आणि थिअरी. चौथ्याकडे गणिताची फाईल, आणि निष्कर्ष व सारांश सगळ्यात शेवटी. मूळ नोंदी `Tamraparni_raw.xlsx` मध्ये; एकदा भरल्या की तिला हात लावायचा नाही. दुरुस्ती फक्त `Tamraparni_calc.xlsx` मध्ये, तीही चौथ्यानेच करायची. बाकीच्यांनी त्याला कळवायचं. प्रत्येक रकान्यावर एकक लिहा. खोली सेंटिमीटरमध्ये आणि रुंदी मीटरमध्ये धरली, की उत्तर शंभरपट! सबमिशन 10 एप्रिल. बाइंडिंगला 2 दिवस, गाईडच्या दुरुस्त्यांना 5, म्हणून रिपोर्ट 3 तारखेला गाईडकडे. सगळ्यांचा मजकूर 30 मार्चला. आकडे 27 मार्चला बंद."

यातल्या 'आकडे बंद'वर लगेच आक्षेप आला : नंतर खरीच चूक सापडली तर? तर ती दुरुस्त करायचीच. पण चौथ्याने आधी गणिताची फाईल बदलायची, सगळ्यांना जुना आणि नवा आकडा कळवायचा, मग जोडलेल्या रिपोर्टमध्ये `Ctrl+F` करून 2.55 शोधायचा. एकही सापडला नाही की काम झालं. आलेख मात्र डोळ्यांनी तपासावा लागतो, कारण चित्र म्हणून चिकटवलेल्या आलेखातला आकडा सर्चला दिसत नाही.

दुसरा आक्षेप, मापं घेणाऱ्यांवर लिखाणाचा भार जास्त पडतो. पडू दे की! फ्लोट काठाच्या गवतात अडकला म्हणून कुठली फेरी सोडून दिली, हे इंट्रोवाल्याला कुठून कळणार?