डिस्चार्ज कार्डावर एक तारीख हवी!

समजा, कॅन्सरमुळे जठर काढलेले सेमाडोहचे काका अमरावतीहून घरी आले. गोड चहा प्यायले आणि अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब! अन्न थोडं थोडं पुढे सोडणारं जठरच नाही. साखर थेट आतड्यात जाते आणि पाणी ओढून घेते. हेच डम्पिंग सिंड्रोम. दिवसातून सहा वेळा थोडं खायचं, साखर टाळायची, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यायचं, की त्रास बराच कमी होतो.

दुसरं नुकसान मात्र गुपचूप होतं. बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरातच बनतो. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, मग हातपायांना मुंग्या येतात. तोवर ऑपरेशन सगळे विसरलेले असतात! म्हणून डिस्चार्ज कार्डावर बी-१२च्या पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहायलाच हवी, आणि ते इंजेक्शन गावाजवळ मिळायला हवं.