मागील भाग कोणासाठी लिहायचा?

धुंडिसुत मालू यांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीचे पारायण आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. चाळीस अध्यायांच्या या ग्रंथात मागील कथा कोठे थांबली हे अध्यायाच्या आरंभी थोडक्यात सांगितले जाते आणि अखेरीस पुढील कथेची चाहूल दिली जाते. पारायण रोज थोडे थोडे होते. काल न आलेला श्रोताही आज बसलेला असतो. नभोवाणी-मालिकेच्या लेखकापुढे हाच श्रोता असतो. तरीही ‘मागील भागात’ हा मजकूर पुष्कळदा केवळ मागे पाहून लिहिला जातो. माझ्या मते तो आजच्या भागाकडे पाहून लिहिला पाहिजे.

पंधरा मिनिटांची एक साप्ताहिक मालिका कल्पू. चौथ्या भागात लोह्याजवळच्या गावातील निवृत्ती मुलीच्या शुल्कासाठी बैलजोडी विकायला माळेगावच्या यात्रेस निघतो. त्याआधी घरात भांडण होते, शेजाऱ्याची विहीर ढासळते. निवृत्ती गेल्यावर मुलीला, सुमनला, शिष्यवृत्तीचे पत्र येते. पाचवा भाग यात्रेच्या बाजारात उघडतो. त्याचा पूर्वसारांश असा होईल :

“सुमनचे शुल्क भरण्यासाठी निवृत्ती बैलजोडी घेऊन माळेगावला निघाला. तो गेल्यावर सुमनला शिष्यवृत्ती मिळाल्याचे पत्र आले. आता बैल विकण्याची गरज नाही; पण निवृत्तीला ते ठाऊक नाही.”

वाचायला सुमारे पंधरा सेकंद लागतात. विहिरीचा प्रसंग सर्वांत नाट्यमय असूनही येथे गाळला, कारण आजच्या भागाला त्याची गरज नाही. नवव्या भागात ती विहीर महत्त्वाची ठरली, तर तिचा उल्लेख तेथे करावा. सारांश योग्य झाला की नाही हे पाहण्यासाठी तो आणि पहिला प्रवेश नवख्या व्यक्तीला वाचून दाखवावा. कोणाला काय हवे आहे, हे तिला सांगता आले पाहिजे.

पाचव्या भागाच्या अखेरीस सुमन बाजारात पोहोचते. परंतु वडिलांनी इसार घेतलेला असतो. “पुढील भागात निवृत्ती इसार परत करून बैल घरी आणतो,” असे सांगितले, तर ऐकण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी सहाव्या भागातील व्यापाऱ्याचे एकच वाक्य ऐकवावे : “इसार घेताना शब्दही दिला होतास ना?” प्रश्न उभा राहतो, उत्तर राखले जाते. मात्र हे वाक्य सहाव्या भागात खरोखर असले पाहिजे. म्हणून तो भाग लिहून झाल्यावरच ही झलक निवडावी. केवळ उत्कंठेसाठी रचलेले खोटे वाक्य श्रोता एकदा सहन करतो; दुसऱ्यांदा झलकेवर विश्वास ठेवत नाही.

सर्व भाग सलग ऐकणाऱ्याला मात्र हे दोन्ही मजकूर अडथळाच वाटतात. म्हणून संहितेत त्यांना प्रवेशांचे क्रमांक न देता स्वतंत्र परिच्छेदांत ठेवावे. ते वगळले तरी पहिला प्रवेश पायावर उभा राहिला पाहिजे.