जुन्या कार्डाचं ऑटो-पे सगळ्यात शेवटी बंद करा



आज थोडं हिशेबाचं बोलायचं आहे. मी बी.कॉम. झालेली, चाळीस वर्षं घरखर्चाची वही लिहिणारी, आणि तरीही मागच्या वर्षी एका क्रेडिट कार्डाच्या बिलात फसले. पैसे नव्हते म्हणून नाही, तर कामाचा क्रम चुकला म्हणून.

झालं असं. आमचं रोजच्या वापराचं कार्ड बदलायचं ठरलं. नव्या कार्डावर किराणा आणि औषधांच्या खरेदीवर जास्त सूट होती. जूनच्या सुरुवातीला नवं कार्ड आलं. मला कामं अर्धवट ठेवायची सवय नाही, म्हणून ५ जूनला मी जुन्या कार्डाचं ऑटो-पे बंद करून टाकलं. कार्डच वापरायचं नाही, तर त्याच्यासाठी खात्यातून पैसे कशाला जाऊ द्यायचे, असा माझा साधा विचार.

पण २८ मे रोजी त्याच जुन्या कार्डावर मी पाण्याचं प्युरिफायर घेतलं होतं, ८,४६० रुपयांचं. त्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघायचं. म्हणजे ही खरेदी १२ जूनच्या बिलात आली आणि भरण्याची शेवटची तारीख होती २ जुलै. नेहमी ते आपोआप भरलं जायचं, त्यामुळे बिल उघडून बघायची सवयच मोडली होती. आठवणीचा मेसेज आला, तर तो मी फसवणुकीचा समजून पुसला.

१४ जुलैला सुनेनं विचारलं, "आई, जुन्या कार्डाचं शेवटचं बिल भरलंत ना?" तेव्हा १२ जुलैचं बिल उघडलं. उशिराचा दंड ५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९० रुपये. व्याज ४३८ रुपये, त्यावर जीएसटी ७९ रुपये. एकूण १,१०७ रुपये.

दंड समजला, पण व्याज इतकं कसं? ते मी वही घेऊन पडताळलं. बिल वेळेवर पूर्ण भरलं नाही, की बिनव्याजाची सवलत जाते आणि व्याज शेवटच्या तारखेपासून नाही, तर खरेदीच्या दिवसापासून लागतं. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. २८ मे ते १२ जुलै हे ४५ दिवस. हिशेब बरोबर ४३८ वर आला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच दंड लावता येतो आणि थकबाकी म्हणून कळवता येतं. पण ही व्याजाची माफी नव्हे, हे लक्षात ठेवा.

कॉलेजात आम्हाला एक गोष्ट घोटून घेतली होती: व्यवहार थांबला म्हणजे देणं संपलं असं नाही. माझी चूक नेमकी तिथे झाली. कार्डाचा वापर ज्या दिवशी थांबतो, त्याच्यानंतर महिना-सव्वा महिन्यानं शेवटचं देणं येतं. ऑटो-पे त्या देण्यासाठी असतं, वापरासाठी नाही. म्हणून माझं स्पष्ट मत झालं आहे, की जुन्या कार्डाचं ऑटो-पे हे कार्ड बदलताना करायचं पहिलं काम नव्हे, ते अगदी शेवटचं काम आहे.

नव्या कार्डाकडेही असाच एक खड्डा असतो. त्याचं ऑटो-पे मी १८ जूनला नोंदवलं. पहिलं बिल २० जूनला आलं, आणि त्यातच बारीक अक्षरात लिहिलं होतं की ऑटो-पे पुढच्या बिलापासून लागू होईल. कार्ड एका बँकेचं आणि खातं दुसऱ्या बँकेचं असलं, तर मंजुरीला वेळ लागतो. म्हणून नव्या कार्डाचं पहिलं बिल हातानं भरायचं, असंच धरून चाला. आणि नोंदवताना 'पूर्ण रक्कम' निवडली आहे ना ते बघा. 'किमान रक्कम' निवडलेली राहिली, तर दंड लागत नाही, पण उरलेल्या रकमेवर तेच ४२ टक्के व्याज सुरू होतं.

मग जुन्या कार्डाचं काय करायचं? खरेदी थांबवा, पण ऑटो-पे चालू ठेवा आणि खात्यात तेवढी रक्कम ठेवा. त्या कार्डावर दरमहा किंवा दरवर्षी आपोआप काय जातं, ते मागच्या बारा महिन्यांच्या बिलांवरून शोधा. टीव्हीचं ॲप, विम्याचा हप्ता, मोबाइलचं बिल. बँकेच्या ॲपमध्येही अशा मंजुऱ्यांची यादी असते. ते सगळं नव्या कार्डावर घ्या. एखादं राहून गेलं, तर पैसे जाण्याच्या किमान चोवीस तास आधी मेसेज यायला हवा, तो वाचा. माझ्यासारखा पुसू नका.

मग वाट बघायची. लागोपाठ दोन बिलं शून्य आली, की जुनं ऑटो-पे बंद करायला हरकत नाही. दोन का? माझंच उदाहरण देते. १४ जुलैला मी सगळी रक्कम भरली, तरी १२ ऑगस्टच्या बिलात साधारण तेवीस रुपये आले. १२ ते १४ जुलै या दोन दिवसांचं व्याज आणि जीएसटी. पहिल्या खेपेलाच 'झालं एकदाचं' म्हणून सोडलं असतं, तर ही थकबाकी तशीच पडून राहिली असती.

बंद करतानाही, ते जिथून सुरू केलं होतं तिथूनच करायचं. कार्डाच्या ॲपमधून दिलं असेल तर तिथून, खात्याच्या बँकेत मंजुरी दिली असेल तर त्या बँकेतून. बिल निघाल्यावर बंद केलंत, तर त्या खेपेचे पैसे तरीही जाऊ शकतात, म्हणून घाईनं हातानं भरू नका. आधी खातं बघा. दोनदा गेलेच, तर कार्डावर जमा राहतात आणि मागून खात्यात परत घेता येतात.

कार्ड पूर्ण बंद करायचं असेल, तर शून्य बाकी झाल्यावर लेखी अर्ज करा. बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत ते बंद करणं बंधनकारक आहे. त्यापुढे उशीर झाला, तर दर दिवसाला ५०० रुपये आपल्याला द्यावे लागतात. दंड फक्त आपल्यालाच नसतो!

माझा ५०० चा दंड आणि त्यावरचा जीएसटी फोन करून विनंती केल्यावर परत मिळाला, व्याज नाही मिळालं. ह्यांनी एवढंच म्हटलं, "वहीत लिहून ठेव." लिहिलं आहे. खर्चाच्या रकान्यात, 'घाई' या नावानं.