हिशोबाची वही : विमानभाड्याचे बिल तपासताना



परिचयातील एका व्यापारी बंधूंनी मुंबईहून दुबईला विमानाने दुलया पाठविल्या. खोकी 15, प्रत्येकाचे वजन 13 किलो, म्हणजे एकूण 195 किलो. फॉरवर्डरच्या बिलात मात्र आकारणीयोग्य वजन 324 किलो होते आणि किलोस 120 रुपये दराने 38,880 रुपये मागितले होते. त्यांना काटा चुकल्याचा संशय आला. काटा बरोबर होता.

दुलईसारखा हलका माल विमानातील जागा अडवितो. म्हणून प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन, यांपैकी जे अधिक त्यावर भाडे लागते. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा. विमानमालासाठी त्यास सर्वसाधारणपणे 6000 ने भागतात, तर कुरियर कंपन्या बहुधा 5000 ने. येथे खोके 60 × 45 × 40 सेंटिमीटरचे होते. गुणाकार 1,08,000. त्यास 6000 ने भागता 18 किलो येतात आणि 15 खोक्यांचे 270. बिलातील 324 किलो 5000 ने भागल्यावरच येतात. कोटेशनमध्ये तर 6000 स्पष्ट लिहिले होते.

भाजक बरोबर असूनही वजन जुळले नाही, तर टेप घ्यावी. मोजणी खोक्याच्या सर्वांत फुगलेल्या जागी होते, कारखान्याने छापलेल्या मापावर नव्हे. या मालात उंची केवळ 1 सेंटिमीटरने वाढली असती, तर प्रत्येक खोक्यामागे 0.45 किलो आणि सर्व मिळून पावणेसात किलो वाढले असते. दुलया ठासून भरण्याची सवय येथे महाग पडते.

दुसरी चूक दरात होती. कोटेशनमध्ये 100 किलोंपासून 120 रुपये आणि 300 किलोंपासून 105 रुपये, असे दोन टप्पे होते. फॉरवर्डरचे 324 किलो खरे मानले, तरी दर 105 च लागावयास हवा होता! वजन वरच्या टप्प्याचे आणि दर खालच्या टप्प्याचा, अशी ही गंमत.

आता योग्य आकारणी पाहू. 270 किलोस 120 प्रमाणे 32,400 रुपये होतात. परंतु विमानमालाच्या दरपद्धतीत, स्वस्त पडत असल्यास, वरच्या टप्प्याचे किमान वजन धरून आकारणी करता येते. 300 किलोस 105 प्रमाणे 31,500 रुपये, म्हणजे न पाठविलेल्या 30 किलोंचे भाडे देऊनही 900 रुपये कमीच. बँकेत असताना एअरवे बिलावर आम्ही मालाचे वर्णन आणि तारीख बारकाईने पाहत असू. आकारणीयोग्य वजनाच्या रकान्याकडे माझे कधी लक्षच गेले नाही, हे येथे कबूल करतो.

त्या बंधूंनी मापांची यादी, कोटेशन आणि एअरवे बिलाची प्रत जोडून फॉरवर्डरला पत्र लिहिले. इंधन अधिभारही त्याच 324 किलोंवर लावला होता, तोही नव्याने काढण्यास सांगितले. चार दिवसांनी 31,500 रुपयांच्या भाड्याचे सुधारित बिल आले.